गोठ्याचा आढावा: ठरलं काय, झालं काय आणि बदलायचं काय

प्रश्न: आमच्याकडे १२ संकरित होल्स्टीन गाई आहेत. दूध, पेंड, औषधं सगळं रोज वहीत लिहितो आणि महिन्याअखेर बेरीज मारतो. कधी पैसे उरतात, कधी अंगावर येतं, पण नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही. दर महिन्याचा आणि दर तिमाहीचा आढावा नक्की कसा घ्यायचा? त्यात बघायचं काय आणि बघून करायचं काय?

उत्तर: तुमच्या वहीत काय झालं ते आहे. काय व्हायला हवं होतं ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि अडचण तिथेच आहे. जुलैत ३,३०० लिटर दूध निघालं ही नोंद एकटी असेल तर ते चांगलं की वाईट हे कुणालाच सांगता येणार नाही. १ जुलैला तुम्ही ३,६०० लिहून ठेवले असते, तर ३०० लिटर गेले कुठे हा प्रश्न आपोआप उभा राहिला असता. म्हणून आढाव्याचं अर्धं काम महिना सुरू होण्याआधी करायचं असतं.

दुग्धव्यवसायात हे सोपं आहे, कारण गाय तिचं वेळापत्रक बऱ्यापैकी आधी सांगते. रेतनाची तारीख माहीत असेल तर तिथून साधारण २८० दिवसांनी ती विणार, विण्याच्या ६० दिवस आधी आटवायची, विल्यानंतर ६० दिवसांनी पुन्हा भरवायला तयार. या तीन आकड्यांवर पुढच्या महिन्याचं बहुतेक सगळं नियोजन उभं राहतं. सगळ्या गाईंचं मिळून एक पान करा, दर गाईला एक ओळ. नावं ठेवली असतील तर नाव लिहा, नाहीतर कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे. कधी विली, कधी भरवली, तपासणीत काय निघालं, कधी आटवायची, कधी विणार, एवढेच रकाने पुरेत.

आता तुमच्याच गोठ्याचा जुलै धरून मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

१ जुलैला १२ पैकी ९ गाई दुधात आणि ३ भाकड. नुकत्या विलेल्या दोघी सरासरी १८ लिटरच्या, म्हणजे ३६. मधल्या चौघी १३ च्या, म्हणजे ५२. शेवटाकडच्या तिघी ८ च्या, म्हणजे २४. रोजचे ११२ लिटर झाले. शिखर ओलांडलेल्या गाईचं दूध महिन्याला साधारण ७ ते १० टक्के उतरतं, म्हणून मागच्या महिन्याचा आकडा जसाच्या तसा न घेता ती घट वजा करून घ्यायचा. इथे ती धरलेली आहे. भाकडांपैकी एक १० जुलैला विणार. पहिले पाच दिवस चीक, म्हणजे १५ तारखेपासून तिचे १४ लिटर धरू. शेवटाकडच्या तिघींतली एक त्याच दिवशी आटवायची, तिचे ८ वजा. म्हणजे पहिले १४ दिवस ११२ आणि पुढचे १७ दिवस ११८. महिन्याचे ३,५७४ लिटर. घरी आणि वासरांना २०० लिटर जातील, डेअरीला ३,३७४.

खुराकाचंही असंच. संकरित गाईला शरीर पोसायला दीड किलो आणि वर दर अडीच लिटर दुधाला एक किलो, हा आपल्याकडे चालणारा ठोकताळा आहे. चारा चांगला असेल तर थोडं कमी चालतं, नुसत्या कडब्यावर असतील तर पुरत नाही. ११२ लिटरला ४५ किलो, नऊ गाईंच्या पोसणीला साडेतेरा, तीन भाकडांना दोन-दोन किलोप्रमाणे सहा. रोजचे साधारण ६४ किलो, महिन्याला ५० किलोची ४० पोती. हे लिहून पान बाजूला ठेवायचं आणि महिना चालू द्यायचा.

३१ तारखेला बसायचं तेव्हा पैशापासून सुरुवात करू नका, हे आग्रहाने सांगतो. पैशाच्या आकड्यात दर आणि लिटर दोन्ही मिसळलेले असतात आणि एक दुसऱ्याला झाकतो. समजा डेअरीला प्रत्यक्षात ३,१२० लिटर गेलं. दर ३३ धरला होता, मिळाला ३४. ठरलेल्या हिशेबाने १,११,३४२ रुपये यायचे, आले १,०६,०८०. पाच हजारांचा फरक बघून माणूस म्हणतो, चालायचंच, पावसाळा आहे. पण २५४ लिटर कमी पडल्यामुळे गेले ८,३८२ रुपये. वाढलेल्या दराने त्यातले ३,१२० भरून दिले, म्हणून खड्डा लहान दिसला. पुढच्या महिन्यात दर उतरला की तोच खड्डा एकदम मोठा दिसेल आणि तुम्ही डेअरीला दोष द्याल. म्हणून आधी लिटर, मग किलो, आणि रुपये सगळ्यात शेवटी.

कमी पडलेले २५४ लिटर गाईनिहाय शोधायचे. त्यासाठी रोज प्रत्येक गाईचं दूध मोजलंत तर उत्तमच, पण बहुतेकांच्याने ते होत नाही. दर दहा दिवसांनी एक दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा, प्रत्येक गाईचं दूध वेगळं मोजून लिहिलं तरी भागतं. डेअरीचा पगारही बहुतेक ठिकाणी दहा दिवसांचाच असतो, त्यामुळे बिल आणि मोजणी शेजारी ठेवून बघता येते. आपल्या उदाहरणात शोधल्यावर असं निघालं. १० तारखेला विणारी गाय १८ ला विली. आठ दिवस गुणिले १४, म्हणजे ११२ लिटर तिथेच गेले. १८ लिटरच्या एका गाईला कासदाह झाला. तीन दिवस इंजेक्शनं आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुढचे तीन दिवस दूध डेअरीला घातलं नाही. सहा दिवसांचे १०८ लिटर. उरलेले ३४ लिटर चार-पाच गाईंच्या बारीकसारीक चढउतारात गेले, त्यांच्या मागे लागायचं नाही.

आता आढाव्यातलं खरं काम. प्रत्येक फरकाला एकच प्रश्न विचारायचा: नियोजन चुकीचं होतं, की ठरलेलं काम झालं नाही, की काम झालं तरी फळ आलं नाही? या तिन्हींवर उपाय अगदी वेगवेगळे आहेत. गोठ्यात गोंधळ होतो तो यामुळेच, की तिन्हींवर आपण पेंड बदलणे हा एकच उपाय करतो.

उशिरा विलेली गाय पहिल्या प्रकारातली. २८० ही सरासरी आहे, आठ-दहा दिवस मागेपुढे होणं निसर्गाचंच आहे. त्यात कुणाची चूक नाही आणि गोठ्यात काही बदलायचंही नाही. बदलायचं ते नियोजन: यापुढे दूध धरताना विण्याची तारीख दहा दिवस उशिराची धरा, आणि विण्याची जागा तयार ठेवताना दहा दिवस आधीची. मात्र एखादी गाय तीन आठवडे उशीर करत असेल तर तो वेगळा मामला आहे. बहुधा तुम्ही धरलेलं रेतन उलटलं होतं आणि ती त्यानंतरच्या, वहीत न लिहिलेल्या रेतनाने गाभण राहिली. २१ दिवसांचा फरक दिसला की आधी वहीवर संशय घ्या. नोंद बरोबर निघाली तर डॉक्टरांना बोलवा.

कासदाह कुठल्या प्रकारात घालायचा हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. समजा नियोजनात लिहिलं होतं की पावसाळ्यात प्रत्येक धारेनंतर सड औषधात बुडवायचे. झालं का, असं विचारलं तर घरातलं प्रत्येक माणूस हो म्हणेल, आणि खोटं बोलायचं म्हणून नव्हे, आठवतं तसंच म्हणून. त्यापेक्षा औषधाची बाटली बघा. नऊ गाई, दोन वेळा, ३१ दिवस, म्हणजे ५५८ वेळा सड बुडवले गेले पाहिजेत. एका गाईला एका वेळी ५ मिली तयार द्रावण धरलं तरी पावणेतीन लिटर संपायला हवं. १ तारखेला आणलेली लिटरची बाटली ३१ ला अर्धी शिल्लक असेल तर काम झालेलं नाही, विषय संपला. हीच युक्ती खनिज मिश्रणाला आणि चुन्याला लावता येते. जे रोज वापरायचं ठरलं ते किती संपलं हे मोजा. तेवढ्या खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

बाटली संपली होती, सड नीट बुडवले गेले होते आणि तरी कासदाह झाला, तर तो तिसरा प्रकार. मग दोष पद्धतीत शोधायचा. धार काढल्यावर गाय लगेच ओल्या जागेत बसते का? सडाचं तोंड धारेनंतर अर्धा तास तरी उघडं राहतं, त्या वेळात गव्हाणीत चारा टाकून तिला उभी ठेवता का? कासदाह झालेली गाय शेवटी पिळता की मध्येच? यंत्रावर धार काढत असाल तर रबरी लायनर कधी बदलले? यातलं जे सापडेल ते पुढच्या महिन्याच्या पानावर जाईल.

आता पोत्यांकडे. ठरली होती ४०, वापरली ४६. वापर काढायचा तो शिलकेवरून: महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा आजची शिल्लक. नुसत्या खरेदीच्या बिलांवर जाऊ नका, कारण एखाद्या महिन्यात दोन महिन्यांचं भरून ठेवलेलं असतं. सहा पोती जास्त म्हणजे १५ टक्के. दूध तर कमीच निघालं, मग पेंड गेली कुठे? चोरीमारीचा विचार करण्याआधी तुमचं माप वजनकाट्यावर ठेवा. गोठ्यात खुराक मापाने घातला जातो, कुणाकडे जुना तेलाचा डबा असतो, कुणाकडे प्लॅस्टिकचा जग, आणि तो एक किलोचा आहे असं सगळे धरून चालतात. त्यात नेहमीच्या हाताने, नेहमीसारखं भरून वजन करा. गोळी पेंड असेल तर एक भरेल, सरकी पेंड असेल तर दुसरं, भुसा असेल तर तिसरंच. माप १ किलो १५० ग्रॅमचं निघालं तर तुमची सहा पोती सापडली. पोत्याला १,६०० रुपये धरले तर ९,६०० रुपये झाले, म्हणजे दुधातल्या तुटीपेक्षा जास्त. मापावर आतून खडूने किंवा रंगाने किलोची रेघ मारा आणि पेंडीचा प्रकार बदलला की पुन्हा वजन करा.

माप बरोबर निघालं, तर वाटप बघा. अनेक गोठ्यांत १८ लिटरच्या आणि ८ लिटरच्या गाईला सारखंच घमेलं पडतं. ८ ची गाय जास्तीच्या खुराकाने लठ्ठ होते, विताना अडते आणि विल्यावर खात नाही. १८ ची गाय उपाशी राहून झिजते आणि माजावर येत नाही. त्या दोघींचा खुराक वेगळा करायला एक पैसाही जास्त लागत नाही.

डेअरीच्या पावतीवरचं फॅट आणि एसएनएफ महिन्यातून एकदा दहा-दहा दिवसांच्या सरासरीने बघा, रोज बघून जीव खाली-वर करू नका. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ ही दराची पायरी. फॅट एकटंच घसरलं असेल तर बहुधा सुका चारा कमी झाला किंवा खुराकाचा मारा जास्त झाला. एसएनएफ घसरलं असेल तर गाईंना पोटाला कमी पडतंय का ते बघा. नुकत्या विलेल्या गाई एकदम वाढल्या तर फॅट थोडं खाली येतंच, त्याला इलाज करायचा नसतो.

एवढं झालं की महिन्याचा आढावा संपला. त्यातून दोनच बदल निघाले पाहिजेत, फार तर दोन. प्रत्येक बदलापुढे तीन गोष्टी लिहा: कोण करणार, कधीपासून, आणि फरक पडला हे कशावरून आणि कोणत्या तारखेला ठरवणार. शेवटची गोष्ट बहुतेक लोक गाळतात, आणि मग एक बदल पिकायच्या आत दुसरा करतात. खुराक बदलला तर आधी आठ-दहा दिवस हळूहळू बदलायचा आणि त्यानंतर निदान तीन आठवडे निकाल बघायचा नाही. सड बुडवण्याचा निकाल एका महिन्यात दिसू लागतो. माजावर येण्याचा किंवा गाभण राहण्याचा निकाल महिन्यात कधीच दिसत नाही, म्हणून तो महिन्याच्या आढाव्यात घ्यायचाच नाही. पेंड, चारा आणि औषध एकाच आठवड्यात बदललं आणि दूध वाढलं तर कशाने वाढलं? तुम्हाला ते कधीच कळणार नाही, आणि तिन्हींचा खर्च मात्र चालू राहील.

बैठक कुठे आणि कोणासोबत, हेही सांगतो. गोठ्यातच बसा, पान हातात घेऊन. आणि जी माणसं धार काढतात, शेण काढतात, त्यांना घेऊन बसा. बऱ्याच घरांत हिशेब मुलगा बघतो आणि गाय आई किंवा वहिनी बघते, आणि दोघांचं या विषयावर बोलणंच होत नाही. अमकी गाय परवा रात्री हंबरत होती, हे आईला माहीत असतं. ते वहीत नसतं, आणि त्यामुळे २१ दिवस वाया जातात. तास-दीड तासाचं काम आहे.

आता तिमाही. महिन्याचे तीन आढावे जोडले की तिमाही होत नाही. तिमाहीत बघायच्या गोष्टी निराळ्या आहेत, कारण त्यांचा वेग निराळा आहे. मुख्य गोष्ट एकच: नव्याने किती गाई गाभण ठरल्या.

१२ गाई दर १३ महिन्यांनी एकदा विणार असतील, तर तिमाहीला पावणेतीन, म्हणजे तीन वेतं पडली पाहिजेत. तीन वेतं पडायची तर दर तिमाहीत तीन गाई नव्याने गाभण राहिल्या पाहिजेत. तुमच्या गोठ्यासाठी हा आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. जुलै ते सप्टेंबरमध्ये तीनऐवजी एकच राहिली, तर आज दुधात काहीही फरक दिसणार नाही. फटका बसेल पुढच्या एप्रिल ते जूनमध्ये, जेव्हा तिघींऐवजी एकच विलेली असेल. त्या वेळी तुम्ही पेंड वाढवाल आणि उन्हाळ्याला दोष द्याल, पण कारण नऊ महिने मागे असेल. दूध कमी होण्याचं इतकं उशिरा दिसणारं कारण दुसरं नाही, म्हणून त्यासाठी स्वतंत्र बैठक लागते.

कमी राहिल्या तर का, हे शोधायची पद्धत अशी. विल्याला ६० दिवस उलटून गेलेल्या आणि अजून गाभण नसलेल्या गाई वेगळ्या काढा. समजा जुलैच्या सुरुवातीला अशा तीन होत्या. माज २१ दिवसांनी येतो, १८ ते २४ च्या दरम्यान. तीन महिन्यांत रिकाम्या गाईला चार माज यायला हवेत. तिघींपैकी एक मध्येच गाभण राहिली, तिचे दोन धरू. म्हणजे एकूण दहा माज अपेक्षित. वहीत नोंदलेले किती? पाच. त्या पाचही वेळा भरवल्या, राहिली एक.

इथे बहुतेक जण म्हणतात, पाचात एकच राहिली, रेतन करणारा बरोबर नाही किंवा कांडी खराब आहे. असेलही. पण पाच हा आकडा इतका लहान आहे की त्यावरून कुणाला दोष देता येत नाही. चांगल्या गोठ्यातही पहिल्याच रेतनाला निम्म्याहून जास्त गाई उलटतात. दहातले पाच माज मुळात दिसलेच नाहीत, हे मात्र पक्कं आहे. गळती आधी तिथे आहे, आणि ती बंद करायला खर्चही नाही.

माज चुकला हे तारखांवरून कसं ओळखायचं ते एका गाईवर दाखवतो. वहीत तिचे दोन माज आहेत, ४ जुलै आणि १५ ऑगस्ट. मध्ये ४२ दिवस. ४२ म्हणजे दोनदा २१, म्हणजे २५ जुलैच्या आसपास एक माज येऊन गेला आणि कुणी पाहिला नाही. पुढचा ५ सप्टेंबरच्या आगेमागे यायचा. ती तारीख कॅलेंडरवर लिहून त्याच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची. अंतर ३६ ते ४८ दिवसांचं असेल तर मधला चुकला असं समजा. १० ते १७ दिवसांचं असेल तर त्या दोन नोंदींपैकी एक बहुधा माज नव्हताच. २५ ते ३५ दिवसांचं अंतर वारंवार येत असेल तर गर्भ धरून सुरुवातीलाच जात असण्याची शक्यता असते, आणि ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं. तिन्ही गाईंच्या तारखांमधली अंतरं लिहून काढलीत की दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

माज चुकण्याचं मुख्य कारण म्हणजे तो बघायची वेळ चुकते. संकरित गाईत माजाची लक्षणं पहाटे आणि रात्री जास्त दिसतात, आणि आपण गोठ्यात असतो ते धारेच्या गडबडीत. पहाटे धारेआधी आणि रात्री जेवणानंतर वीस-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. काम करायचं नाही, चारा टाकायचा नाही. स्वच्छ काचेसारखा सोट, दुसरी गाय अंगावर चढली तर शांत उभं राहणं, हंबरणं, दूध एकदम एक-दोन लिटरने उतरणं. दिवसभर बांधलेली गाय ही लक्षणं नीट दाखवूच शकत नाही, म्हणून थोडा वेळ मोकळ्या सोडा. उन्हाळ्यात मुका माज जास्त असतो, तेव्हा तारखेवरच भर द्यावा लागतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा बदल लिहिलात की त्याचा निकाल पुढच्या तिमाहीत बघायचा: दहापैकी पाचच्या जागी आठ दिसले का? माज दिसू लागले, वेळेवर भरवल्या आणि तरी तीन-तीनदा उलटतायत, तेव्हा ती तिसऱ्या प्रकारातली गोष्ट झाली. मग गर्भाशयाची तपासणी, सोट स्वच्छ आहे का, खनिजांची कमतरता, आणि शेवटी रेतनाची कांडी हाताळण्याची पद्धत, या क्रमाने जा.

याच बैठकीत भरवलेल्या गाईंचीही एक यादी हवी. रेतनाला ६० ते ९० दिवस झाले की गर्भतपासणी झालीच पाहिजे. उलटली नाही म्हणजे राहिली, असं धरून चालणं फार महाग पडतं. मुका माज असलेली गाय न दिसताच उलटते आणि सहा महिन्यांनी कळतं की पोट रिकामं आहे. तपासणी करणाऱ्याला तिमाहीत एकदा ठरवून बोलवा आणि एका फेरीत सगळ्या दाखवा.

जी गाय विल्याला २०० दिवस होऊन गेले तरी रिकामी आहे आणि दूधही सात-आठ लिटरवर आलंय, तिच्याबद्दलचा निर्णय याच बैठकीत घ्या. उपचारासाठी एक तिमाही द्यायची असेल तर द्या, पण तारीख लिहून द्या. तारीख नसली की ती गाय पुढचं वर्षभर चारा खात उभी राहते आणि ठेवण्याचा निर्णय प्रत्यक्ष कुणी घेतलेलाच नसतो.

तिमाहीतली दुसरी बाब चारा, ती थोडक्यात. मुरघासाचा खड्डा टेपने मोजा. नीट दाबलेला मका मुरघास घनफुटाला साधारण १५ किलो भरतो. १ मार्चला २० फूट लांब, ६ फूट रुंद, ५ फूट खोल एवढा शिल्लक असेल तर ६०० घनफूट, म्हणजे ९,००० किलो. बारा गाईंना १५ किलोप्रमाणे रोज १८०, म्हणजे ५० दिवस. १९ एप्रिलला खड्डा रिकामा. जूनच्या पावसावर पेरलेला मका कापायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. विहिरीच्या पाण्यावर नेपियर असेल तर तो किती दिवस ओढेल हे त्याच दिवशी ठरवा. कमी पडणार असेल तर कडबा आणि मुरघास मार्चमध्येच घ्या, मे महिन्यात तोच चढ्या भावाने घ्यावा लागतो. म्हणून तिमाही आर्थिक वर्षाप्रमाणे पाडण्यापेक्षा चाऱ्याप्रमाणे पाडा: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर यांच्या अखेरीस बसा. नोव्हेंबरच्या बैठकीत रब्बीला किती मका लावायचा हे ठरतं, तीच चाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. लाळ्या-खुरकूत सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पी वर्षातून एकदा, या लसींच्या तारखाही याच पानावर टाका म्हणजे वेगळी आठवण ठेवायला नको.

तुमच्याकडे जुन्या रेतनाच्या तारखा असतील की नाही याची मला शंका आहे, कारण प्रश्नात दूध, पेंड आणि औषधांचाच उल्लेख आहे. नसतील तर अंदाजाने रकाने भरू नका. या आठवड्यात पशुवैद्यकांना बोलावून बाराही गाई तपासून घ्या. गाभण किती महिन्यांची हे ते सांगतील, त्यावरून विण्याची आणि आटवण्याची तारीख काढता येईल. गाभण असल्याची शंकासुद्धा असेल अशा गाईला माजावर आणायचं इंजेक्शन तपासणीआधी अजिबात देऊ नका, गर्भ पडू शकतो. तपासणी झाली की त्याच दिवशी, डॉक्टर गोठ्यात असतानाच, पान भरा आणि माप काट्यावर ठेवून बघा. पहिला महिनाभर बदल काहीच करू नका, फक्त ठरवलेलं आणि झालेलं शेजारी-शेजारी लिहा. पहिल्या महिन्याचं नियोजन २० टक्क्यांनी चुकलं तरी हरकत नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत ते पाच-सात टक्क्यांच्या आत येतं, आणि त्यानंतर दिसणारा फरक खरोखर गोठ्यातला असतो.